जर्मनीच्या हॉस्पिटलला मेल करताय? आधी पासपोर्टवरचं नाव बघा

आपल्या गोव्यात ही भानगड खूप होते, बांबोळीच्या रिपोर्टवर Naik आणि पासपोर्टवर जुन्या पोर्तुगीज वळणाचं Naique. समजा बाबांच्या हार्ट व्हॉल्व्हसाठी विचारताय, तर पहिल्याच मेलला पासपोर्टची कॉपी जोडा आणि दोन्ही स्पेलिंग एकाच माणसाची असं स्पष्ट लिहा, कारण इन्व्हिटेशन लेटरवर नाव, पासपोर्ट नंबर, आजार आणि ट्रीटमेंटच्या तारखा सगळं व्हिसावाले बघतात, आणि सोबत कोण जाणार त्याचंही नाव त्यातच घालून घ्या.

इको, अँजिओ यांचे मोबाईलवर काढलेले फोटो नकोत, अँजिओची सीडी मागून घ्या, डॉक्टरला हलतं चित्र बघायचं असतं. ऑपरेशनच करायचं की कॅथेटरने व्हॉल्व्ह बसवता येईल हेही विचारा, दोन्हीचा खर्च खूप वेगळा.

पॅकेजचा आकडा आला की लगेच हुरळू नका हां. व्हॉल्व्ह धरलाय का, आयसीयूचे किती दिवस, जास्त राहावं लागलं तर रोजचे किती आणि उरलेले पैसे परत कसे, हे लेखी घ्या. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा, डॉक्टरने फिट-टू-फ्लाय सर्टिफिकेट दिल्याशिवाय निघू नका.