सही अडली होती ती एका ओळीमुळे

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या स्टोअरला आम्ही साठ्याचं सॉफ्टवेअर बसवलं. चालू झालं, पण समारोप बैठकीच्या इतिवृत्तावर स्टोअरचे साहेब सही करेनात. वडोदऱ्यातच वाढलेले, मराठी-गुजराती मिसळून बोलणारे. म्हणाले, "अहो, हे वाचा ना."

उरलेल्या जोखमींत लिहिलं होतं: साठ्यातल्या तफावतीवर प्रोजेक्ट टीम लक्ष ठेवेल. सही झाली की टीमच राहत नाही, मग लक्ष ठेवणार कोण? साहेबांचं बरोबर होतं.

तफावतीचं मूळ आयटम मास्टरमध्ये, म्हणजे वस्तू आणि त्यांच्या कोडच्या मूळ यादीत होतं. एकच बेअरिंग 6205 ZZ आणि 6205-2Z अशा दोन कोडखाली. शिल्ड दोन्हींना दोन्ही बाजूंनी, फरक फक्त कंपनीच्या लिहिण्यातला. त्यामुळे एकाचा साठा शून्य दिसे आणि खरेदीची मागणी निघे.

मी ती ओळ अशी केली: दुहेरी कोड मिळाल्यास स्टोअर इन-चार्ज विलीन करतील, महिनाअखेरच्या मोजणीत फरक दिसला तर आयटीला कळवतील. जबाबदारी घेणाऱ्याची सही त्याच ओळीसमोर.

हस्तांतराच्या यादीत "बॅकअप दिला" होतं. ते खोडून त्यांच्याच माणसाकडून बॅकअप चाचणी सर्व्हरवर चढवून घेतला, मगच "मिळाला" लिहिलं. या कामातून शिकलेल्या धड्यांतले "काळजी घ्यावी" छापाचे धडे काढून टाकले. एकच ठेवला: डेटा चढवण्याआधी मास्टर स्टोअरच्या माणसासोबत तपासणे, आणि तो पुढच्या कामाच्या चेकलिस्टमध्ये घातला.

राहिलेली दोन किरकोळ कामं तारखेसह जोडून सशर्त स्वीकृती मागितली. साहेबांनी चहा संपायच्या आत सही केली; आमच्या बिलातली राखून ठेवलेली रक्कम मात्र ती कामं झाल्यावरच सुटली.