ओआरएसचं पाकीट अर्धं अर्धं करू नका

माझ्या भाचीला, दीड वर्षाची आहे, जुलाब लागले तेव्हा वहिनीने 1 लिटरच्या पाकिटातली थोडी पावडर अंदाजाने पेल्यात टाकली, आणि पोरगी तोंड वाकडं करायला लागली कारण ते पाणी खारट झालेलं. असं घट्ट पाणी पोटात गेलं तर रक्तातलं मीठ वाढतं आणि जुलाबही वाढू शकतात, आणि पातळ केलं तर क्षार कमी पडतात. म्हणून पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते बघायचं, मोठ्याला 1 लिटर, छोट्याला बहुतेक 200 मिली, उकळून गार केलेलं पाणी मोजून घ्यायचं आणि पूर्ण पाकीट त्यातच टाकायचं. वरून साखर, दूध, ज्यूस काही नाही. 24 तासांनी उरलेलं सरळ ओतून द्या.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर साधारण 50 ते 100 मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून परत सुरू, अजून हळू. अंगावरचं दूध, जेवण चालूच ठेवा.

जुलाबात ओआरएससोबत झिंकची गोळीही देतात. ते झिंक मात्र लोक जुलाब थांबले की बंद करतात, तिथेच चुकतं. ते आतड्याचं अस्तर सावरायला मदत करतं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत जुलाब व्हायची शक्यता कमी करतं, त्यामुळे 14 दिवस पूर्ण. 6 महिन्यांपुढे रोज 20 मिग्रॅ, 2 ते 6 महिन्यांच्या बाळाला 10, गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून.

शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, मूल मलूल किंवा काहीच पीत नाही, तर लगेच दवाखाना. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर जुलाब सुरू होताच.