उशीखाली फोन चार्ज केला की काय होतं, आणि रात्रीचं चार्जिंग कसं करावं

फोनला पंखा नसतो. आत तयार झालेली उष्णता मागच्या पाठीतून आणि पुढच्या काचेतून हवेत जाते, दुसरी वाट नाही. १८ वॅटच्या चार्जरवर लावलेल्या फोनमध्ये एक दशांश शक्ती जरी उष्णतेत गेली, तरी जवळजवळ दोन वॅट होतात. टेबलावर ती सहज निघून जाते. पण कापूस आणि फोम यांच्यात हवा अडकलेली असते, म्हणून तर दुलईत ऊब येते. उशीखाली फोनच्या दोन्ही बाजू बंद होतात. गादीवर पालथा-उताणा कसाही ठेवला तरी एक बाजू बंद होतेच.

लिथियम-आयन बॅटरीला गरमी आणि पूर्ण चार्ज या दोन्ही गोष्टी एकदम सोसत नाहीत. गरमीत आतल्या द्रवाची नको ती रासायनिक क्रिया वेगाने होते, इलेक्ट्रोडवरचा थर जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. बॅटरीची क्षमता कमी होते ती यामुळे. रात्री अकराला लावलेला फोन एक-दीडपर्यंत भरतो आणि सकाळपर्यंत तसाच, भरलेला आणि झाकलेला राहतो. नुकसान मुख्यतः या तासांत होतं. फोन फार तापला तर तो स्वतःच चार्जिंग मंद करतो. म्हणून सकाळी कधी कधी ८० टक्केच दिसतात आणि दोष उगाच चार्जरला दिला जातो.

आता करायचं काय? आधी जागा ठरवा: लाकडी टेबल, फरशी किंवा खिडकीची कडप्प्याची पट्टी, पण ऊन येणारी नको. वायर पलंगापर्यंतच पुरते म्हणून फोन उशाशी येत असेल, तर एक्स्टेन्शन बोर्ड टेबलाजवळ न्या. चार्जरचा ठोकळाही तापतो, तोही पांघरुणात जाऊ देऊ नका. जाड रबरी कव्हर काढून ठेवा. मग सेटिंगमध्ये बॅटरी विभागात ८० टक्क्यांवर थांबण्याची किंवा ‘ऑप्टिमाइज्ड चार्जिंग’ची सोय आहे का पाहा आणि ती चालू करा. नसेल तर झोपण्याआधी, जेवणाच्या वेळेलाच चार्ज करणं बरं. अ‍ॅपल आयफोन वापरायला खोलीचं तापमान ० ते ३५ अंश सांगतं. मे महिन्यात विदर्भातल्या बंद खोलीत ते आधीच ओलांडलेलं असतं, तेव्हा तिथे हे जास्त पाळा.

अर्ध्या तासाने पाठीला हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर चार्जर काढा आणि फोन हवेत ठेवा. फ्रीजमध्ये मात्र नको, आत दव धरतं.

महिन्यातून एकदा कव्हर काढून फोन सपाट काचेवर ठेवा. तो पूर्वीपेक्षा जास्त डगमगत असेल, पाठ फुगलेली किंवा स्क्रीनची कड उचललेली दिसली, तर बॅटरीत वायू साठलेला असू शकतो. असा फोन पुन्हा चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. बंद करून सर्व्हिस सेंटरला द्या.