कंपनी नवे शेअर काढते म्हटलं की भाव का पडतो? नव्याने शिकणाऱ्यांसाठी

कॉर्पोरेट फायनान्सच्या पेपरात किंवा इक्विटी रिसर्चच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. कंपनीने नवे समभाग विकायची घोषणा केली आणि भाव तीन टक्के खाली आला, कारण सांगा. दहातले नऊ जण एका शब्दात उत्तर देतात, 'डायल्यूशन'. मीही बरेच दिवस तेच द्यायचे, आणि त्यामुळे संकेतांचा पूर्ण सिद्धांत माझ्या डोक्यात कधी नीट बसलाच नाही. मोदिग्लियानी-मिलर, करबचत, दिवाळखोरीचा खर्च हे सगळं तुम्ही केलेलं आहे असं धरते आणि या एका जागेवर जास्त वेळ घेते.

आधी साधा हिशोब. कंपनीचे १० कोटी शेअर आहेत आणि भाव १०० रुपये, म्हणजे कंपनीची किंमत १,००० कोटी. तिने १०० रुपयांनाच आणखी १ कोटी शेअर विकले. तिजोरीत १०० कोटी आले. आता कंपनी १,१०० कोटींची आणि शेअर ११ कोटी. भागून बघा, भाव १०० रुपयेच राहतो. जुन्या भागधारकाची टक्केवारी कमी झाली, हेच ते डायल्यूशन; त्याच्या खिशातलं मात्र काहीच गेलं नाही. योग्य किमतीला विकलेले शेअर कोणाचंही नुकसान करत नाहीत. पुढच्या तिमाहीत प्रतिशेअर कमाई कमी दिसेल हे खरं, पण तो पैसा अजून कामाला लागलेला नसतो म्हणून. बाजाराला एवढं कळतं.

आता समजा घोषणा झाली आणि भाव ९७ वर आला. तीन रुपये गुणिले १० कोटी शेअर, म्हणजे ३० कोटी उडाले. उभारायचे होते १०० कोटी, आणि घोषणेनेच ३० कोटी गेले. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. पॉल अ‍ॅस्क्विथ आणि डेव्हिड मलिन्स यांनी १९८६ साली अमेरिकेतल्या औद्योगिक कंपन्यांच्या समभाग विक्रीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात घोषणेच्या सुमारास भाव सरासरी तीन टक्क्यांनी पडलेला दिसला, आणि ही घट उभारलेल्या रकमेच्या सरासरी ३१ टक्के होती. इश्यूच्या फीने एवढी घट होत नाही. डायल्यूशनने तर नाहीच, ते आत्ताच बघितलं. मग राहतं एकच. घोषणेतून बाजाराला कंपनीबद्दल काहीतरी नवं कळलं, आणि ते चांगलं नव्हतं.

काय कळलं, ते स्ट्युअर्ट मायर्स आणि निकोलस मज्लुफ यांनी १९८४ साली मांडलं. त्यांचा पेपर जड वाटतो, पण एक उदाहरण स्वतःच्या हाताने सोडवलं की सुटतो. माझ्या आकड्यांनी करू.

एक कंपनी. तिची सध्याची मालमत्ता ३०० कोटींची असेल किंवा १०० कोटींची, शक्यता निम्मी-निम्मी. नेमकी कोणती, ते व्यवस्थापनाला माहीत आहे, बाजाराला नाही. हातात एक प्रकल्प आहे. त्याला १०० कोटी लागतात आणि तो १२० कोटींचा होतो, म्हणजे निव्वळ फायदा २०. रोकड नाही, म्हणून शेअर विकायचे.

समजा दोन्ही परिस्थितींत कंपनी शेअर विकते असं बाजाराने धरलं. मालमत्तेची सरासरी २००, त्यात प्रकल्पाचे १२०, एकूण ३२०. नव्या लोकांनी १०० घातले, म्हणून त्यांना १००/३२०, म्हणजे ३१.२५ टक्के हिस्सा. आता ३०० कोटीवाल्या कंपनीच्या खुर्चीत बसा. प्रकल्पासकट ती खरी ४२० कोटींची आहे. जुन्यांना त्यातले ६८.७५ टक्के मिळणार, म्हणजे २८८.७५ कोटी. शेअर विकलेच नसते तर ३०० होते. चांगला प्रकल्प हातात असूनही ती विकत नाही. १०० कोटीवाली मात्र खुशीत विकते, कारण तिच्या २२० मधून जुन्यांना १५१.२५ मिळतात.

बाजार मूर्ख नाही. चांगली कंपनी विकणारच नाही हे त्यालाही कळतं. म्हणून जी विकायला आली ती १०० वालीच, असं तो धरतो. घोषणेआधी जुन्या शेअरची एकूण किंमत ३०० आणि १२० यांची सरासरी, २१० होती. घोषणा होताच ती १२० होते. हीच ती घट. कोणी खोटं बोललेलं नाही, कोणी शेअर पाडलेला नाही. विकायचा निर्णय हीच बातमी झाली, आणि यालाच संकेत म्हणतात.

इथे थांबून एकदा स्वतः कागदावर करा. तयार नोट्समधली 'कर्ज चांगलं, इक्विटी वाईट' ही ओळ पाठ करून इथपर्यंत पोचता येत नाही, आणि मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला ती उघडी पडते. पहिल्या खेपेला आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी असते. नव्यांचा हिस्सा बाजाराच्या समजुतीतल्या किमतीवर ठरतो आणि वाटणी खऱ्या किमतीवर होते. या दोन किमती वेगळ्या ठेवल्या की हिशोब बसतो.

आता तेच १०० कोटी कर्जाने उभे करा. वाईट परिस्थितीतही कंपनी २२० कोटींची होते, म्हणजे कर्ज नक्की फिटतं. कर्ज देणाऱ्याला ३०० की १०० याने फरकच पडत नाही, त्यामुळे चांगली कंपनीही प्रकल्प करते आणि तिच्या जुन्या भागधारकांकडे पूर्ण ३२० राहतात. दोघीही कर्जच काढतात, म्हणून कर्जाच्या घोषणेतून काही उघड होत नाही. साध्या कर्जरोख्यांच्या घोषणेवर भाव जवळपास हलत नाही हे एस्पेन एकबो यांच्या १९८६ च्या अभ्यासात दिसतं ते याच्याशी जुळतं. परिवर्तनीय रोखे, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज, या दोन्हींच्या मधे पडतात. कर्ज जितकं जोखमीचं, तितकं ते समभागासारखं वागतं, हे मात्र विसरू नका. गळ्यापर्यंत कर्ज असलेल्या कंपनीला हा मार्ग उरलेलाच नसतो, आणि तिने शेअर काढले तर बाजार त्याचा अर्थ वेगळा लावतो.

स्टीफन रॉस यांचा १९७७ चा युक्तिवाद यापुढे जातो. दिवाळखोरी आली तर व्यवस्थापनालाच फटका बसतो, म्हणून जास्त कर्ज घेण्याची हिंमत तोच करेल ज्याला पुढच्या रोकडीची खात्री आहे, असा त्याचा गाभा. तिथे कर्ज हीच चांगली बातमी ठरते. नवख्यांनी हे दोन पेपर एकमेकांत मिसळू नयेत. मायर्स-मज्लुफमध्ये कर्ज काहीच सांगत नाही, रॉसमध्ये बरंच सांगतं. उत्तर लिहिताना कोणत्या चौकटीत आहात ते आधी लिहा.

हे सगळं भारतात लावायला गेलं की पहिली अडचण राइट्स इश्यूची येते. हक्कभाग जुन्याच भागधारकांना देऊ केले जातात. प्रत्येकाने आपला हिस्सा घेतला तर नवा माणूस आत येतच नाही, मग कमी किमतीला विकण्यात कोणाचं नुकसान? कोणाचंच नाही. वरचं उदाहरण तिथे मोडतं.

रिलायन्सचा २०२० चा राइट्स इश्यू यासाठी उत्तम आहे. ३० एप्रिल २०२० रोजी संचालक मंडळाने ५३,१२५ कोटी रुपयांच्या आसपासचा इश्यू जाहीर केला. दर १५ शेअरमागे १ शेअर, किंमत १,२५७ रुपये, म्हणजे त्या दिवशीच्या बंद भावापेक्षा सुमारे १४ टक्के कमी. 'एवढ्या सवलतीत विकतायत म्हणजे गडबड आहे' असं वाटलं तर थांबा. बंद भाव साधारण १,४६७ धरा. १५ गुणिले १,४६७ अधिक १,२५७, भागिले १६, उत्तर येतं सुमारे १,४५४. पैसे हप्त्याने भरायचे होते ही बाब बाजूला ठेवली, तर शेअर एक्स-राइट्स झाल्यावर, म्हणजे नव्या खरेदीदाराला हा हक्क मिळणं थांबल्यावर, तेरा-एक रुपयांची घट नुसत्या गणिताची आहे, आणि ती हक्काच्या किमतीतून भरून निघते. ती संकेत नव्हे. शिवाय ती घोषणेला येत नाही, एक्स-डेटला येते. चार्टवरची ही घट घोषणेचा परिणाम म्हणून लिहिलेली मी वारंवार पाहिली आहे.

खरा संकेत घोषणेतल्या वेगळ्या वाक्यात होता. प्रवर्तक आपला पूर्ण हक्क घेतील आणि कोणी न घेतलेले शेअरही घेतील, असं त्यात होतं. जवळजवळ निम्मी मालकी असलेले, आतलं सगळं माहीत असलेले लोक स्वतःचे पैसे घालायला तयार आहेत. आता याच्याशेजारी क्यूआयपी ठेवा, म्हणजे फक्त मोठ्या संस्थात्मक गुंतवणूकदारांना केलेली शेअर विक्री, ज्यात प्रवर्तकांना शेअर देताच येत नाहीत. तिथे माहितगार विकतो आणि बाहेरचा घेतो, म्हणजे मायर्स-मज्लुफची परिस्थिती परत येते.

मग रिलायन्सच्या भावाने काय वाचलं? इथे सर्वांत कडक इशारा. १ मे महाराष्ट्र दिन, बाजार बंद, मग शनिवार-रविवार. निकाल आणि इश्यू बाजार बंद झाल्यावर आले असल्याने पहिला व्यवहाराचा दिवस ४ मे. त्या दिवशी सेन्सेक्स २,००२ अंकांनी, जवळपास सहा टक्के कोसळला. रिलायन्स सुमारे दोन टक्केच पडला. बाजाराची चाल वजा केली की उरतात अधिक चार. 'बघा, चांगला संकेत!' असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. त्याच निकालात तिमाही नफा सुमारे ३९ टक्क्यांनी घटला होता, त्याच ४ मेच्या सकाळी सिल्व्हर लेक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीची जिओमधली गुंतवणूक जाहीर झाली, आणि राइट्सचा विचार होणार हे कंपनीने शेअर बाजारांना आधीच कळवलेलं होतं. त्या चार टक्क्यांतले किती कशाचे, हे एका दिवसाच्या भावातून वेगळं करता येत नाही. म्हणूनच हे अभ्यास शेकडो घोषणांची सरासरी घेतात.

आधी कळवण्याचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. निधी उभारणीचा विषय असलेल्या बैठकीची सूचना कंपनीला किमान दोन कामकाजाचे दिवस आधी द्यावी लागते. क्यूआयपीत तर बातमी हप्त्याहप्त्याने येते. आधी ही सूचना, मग मंडळाची मंजुरी, मग भागधारकांचा विशेष ठराव, जो ३६५ दिवस चालतो, आणि मग एखाद्या संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर इश्यू उघडल्याची आणि किमान किमतीची घोषणा. यातला 'घोषणेचा दिवस' कोणता? ठराव म्हणजे नुसती परवानगी, अनेक कंपन्या दरवर्षी घेऊन ठेवतात. सूचना धक्का देणारी असेल तर परिणाम तिथेच निघून जातो आणि इश्यू उघडताना भाव स्थिर दिसतो. तेव्हा 'बाजाराला काही वाटलं नाही' असा निष्कर्ष काढला की गेलात.

माझं मत विचाराल तर हे शिकायला मार्गदर्शक निवडताना एकच बघा. तुम्ही बातमीचं कात्रण घेऊन गेलात तर तो तुम्हाला एनएसई-बीएसईवरचं मूळ पत्र उघडायला लावतो का. त्या पत्रावर तारीख आणि वेळ छापलेली असते. साडेतीन नंतरची वेळ असेल तर तुमचा पहिला दिवस उद्याचा. मग त्या पत्रात क्रमाने शोधा: पैसा कशासाठी, कर्ज फेडायला की प्रकल्पाला; प्रवर्तक घेणार का; आणि कंपनीकडे कर्जाला जागा असूनही तिने शेअर का निवडले. तिसऱ्याचं उत्तर पत्रात सहसा लिहिलेलं नसतं. त्यासाठी ताळेबंद शेजारी उघडावा लागतो.