परदेशी डिग्रीवर विश्वास टाकण्याआधीची तयारी

सुट्टीवर आलेल्या खेडच्या एका साइट सुपरवायझरला एजंटाने व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली. आखातातल्या बारा वर्षांच्या अनुभवावर अमेरिकन विद्यापीठाची सिव्हिलची डिग्री, तीही तीन आठवड्यांत आणि परीक्षेशिवाय. वर सोनेरी शिक्का, खाली ‘युनेस्को मान्यताप्राप्त’. युनेस्को कुठल्याच विद्यापीठाला मान्यता देत नाही, त्यामुळे ती ओळ दिसली की तिथेच थांबा.

तरी घरच्यांना पुरावा हवा असतो, म्हणून आधी विद्यापीठाचं पूर्ण नाव आणि शहर अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. नामांकित विद्यापीठाच्या नावात एखादं अक्षर बदलणं ही जुनी युक्ती आहे. कराचीच्या ॲक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण 2015 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केलं, तेव्हा बनावट संस्थांमध्ये कोलंबियाना आणि बार्कली अशी नावं सापडली होती.

मग त्या देशाची सरकारी यादी स्वतः उघडा, विद्यापीठाच्या साइटवरच्या लिंकवरून जाऊ नका. अमेरिकेसाठी तिथल्या शिक्षण विभागाची ope.ed.gov/dapip ही यादी आहे. ब्रिटनमध्ये डिग्री देण्याचा अधिकार असलेल्या संस्थांची यादी gov.uk वर मिळते. सुपरवायझरच्या विद्यापीठाचं नाव यादीत नव्हतं. एजंट म्हणाला, “आमची मान्यता वेगळ्या कौन्सिलची आहे.” आता ते कौन्सिलच तपासायचं. अमेरिकेत मान्यता देणाऱ्या संस्थेलाही शिक्षण विभागाची किंवा ‘चिया’ (CHEA) या संस्थेची मान्यता लागते. या कौन्सिलला दोन्हीकडे थारा नव्हता. बनावट विद्यापीठवाले स्वतःचीच कौन्सिलं काढतात, म्हणून हा टप्पा कधीही गाळू नका. विद्यापीठाला फोन करून खात्री होत नाही, कारण पैसे घेणारेच फोन उचलतात आणि “हो, हा आमचाच विद्यार्थी” असं बिनदिक्कत सांगतात.

शेवटी एजंटाने अपॉस्टिलचा शिक्का दाखवला, आणि आपल्याकडची बरीच शहाणी माणसं इथेच फसतात. अपॉस्टिल सांगतं एवढंच, की कागदावरची सही आणि शिक्का त्या अधिकाऱ्याचाच आहे. बऱ्याचदा ती सही नोटरीची असते. विद्यापीठ खरं की खोटं, हे अपॉस्टिल देणाऱ्या कार्यालयाने पाहिलेलंच नसतं.

डिग्री भारतात वापरायची असेल तर यूजीसीचे 2025 चे समकक्षतेचे नियम प्रवेशाआधीच वाचा. संस्था तिच्या देशात मान्यताप्राप्त असावी लागते आणि फ्रँचायझीतून घेतलेली डिग्री चालत नाही. त्यामुळे गावाजवळच्या ‘स्टडी सेंटर’मधून मिळणाऱ्या परदेशी डिग्रीबद्दल यूजीसीकडे लेखी विचारा. उत्तर हातात येईपर्यंत बयाणासुद्धा देऊ नका. पैसे आधीच गेले असतील, तर ते सर्टिफिकेट व्हिसाच्या किंवा नोकरीच्या अर्जाला जोडू नका. पावत्या आणि चॅट जपून ठेवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.