फक्त सरासरी आणि एसडी हातात असताना टेलबद्दल काय सांगता येतं

मी बॅकएंड सर्व्हिसेसच्या परफॉर्मन्सवर काम करतो. नवीन जॉइन होणारे बरेच जण कॉलेजात चेबिशेव्ह शिकून आलेले असतात पण तो खऱ्या आकड्यांवर लावून बघितलेला नसतो, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

समजा एका एपीआयच्या जुन्या लॉगमधून दोनच आकडे उरलेत, रिस्पॉन्स टाइमची सरासरी 200 मिलिसेकंद आणि स्टँडर्ड डिव्हिएशन 50, कच्चा डेटा कधीच डिलीट झालाय. आणि प्रश्न आलाय की 350 किंवा त्याहून जास्त वेळ लागणाऱ्या रिक्वेस्ट जास्तीत जास्त किती टक्के असू शकतील? 350 म्हणजे सरासरीपासून 3 एसडी लांब, म्हणजे k = 3. बहुतेक जण इथे लगेच नॉर्मल कर्व्ह धरतात आणि 0.135 टक्के सांगून मोकळे होतात. पण नॉर्मल आहे हे कुणी सांगितलं? आपल्याकडे तर दोनच आकडे आहेत.

चेबिशेव्ह म्हणतो की डिस्ट्रिब्युशन कसलंही असो, सरासरीपासून k एसडी किंवा त्याहून लांब जाणारा भाग 1/k² पेक्षा जास्त असूच शकत नाही, म्हणजे आपल्या केसमध्ये 1/9, साधारण 11.1 टक्के. हे दोन्ही बाजूंचं मिळून झालं, 50 च्या खालचे आणि 350 च्या वरचे. आपल्याला वरचीच बाजू हवी असेल तर कँटेलीचा फॉर्म्युला वापरायचा, 1/(1+k²), म्हणजे बरोबर 10 टक्के. एकतर्फी प्रश्नाला 11.1 चं अर्धं करून 5.6 टक्के सांगणारे मी पाहिलेत. ते चुकीचं आहे, कारण डिस्ट्रिब्युशन दोन्ही बाजूंना सारखं आहे असं कुठेही दिलेलं नाही.

आता 10 टक्के कुठे आणि 0.135 टक्के कुठे, सत्तरपटीच्या वर फरक. हा फरक येतो कुठून हे समजलं की सगळा विषय हातात येतो, म्हणून इथे जरा थांबू. व्हेरिअन्सकडे घरखर्चाच्या बजेटसारखं बघा, एकूण रक्कम ठरलेली, σ² एवढी. सरासरीपासून 3σ किंवा त्याहून लांब असलेली प्रत्येक रिक्वेस्ट त्यातून कमीत कमी 9σ² खाते, म्हणजे अशा रिक्वेस्ट एकूण संख्येच्या नवव्या भागापेक्षा जास्त असतील तर बजेट पुरणारच नाही. चेबिशेव्हचं अख्खं प्रूफ एवढंच आहे. पण यात दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात, एक म्हणजे आतल्या रिक्वेस्ट काहीच खर्च करत नाहीत आणि दुसरी म्हणजे बाहेरच्या बरोब्बर 3σ वरच उभ्या आहेत, एक पाऊलही पुढे नाहीत.

नॉर्मलमध्ये खरा खर्च कुठे होतो ते मी काढून बघितलं, 3σ च्या बाहेरच्यांच्या वाट्याला फक्त 2.9 टक्के व्हेरिअन्स येतो आणि उरलेला 97 टक्के आतलेच संपवतात. म्हणजे दोन्ही बाजू धरून 11.1 आणि 0.27 यांच्यात जो 41 पटीचा फरक दिसतो त्यातला जवळजवळ 34 पट एकट्या पहिल्या गृहीतकामुळे, आणि बाहेरचे 3σ च्या थोडे पुढे जातात त्यामुळे फक्त 1.2 पट. मला तरी चेबिशेव्ह खऱ्या अर्थाने हे गणित केल्यावरच कळला, पुस्तकातली इंटिग्रलची ओळ वाचून नाही.

मग हा बाउंड उगाचच ढिला आहे का? नाही, आणि पर्फॉर्मन्सच्या कामात याचं उत्तर लांब शोधायला लागत नाही. एखाद्या सर्व्हिसपुढे कॅश आहे, 90 टक्के रिक्वेस्ट कॅशमधून 183.33 मिलिसेकंदात परत येतात आणि 10 टक्के डेटाबेसपर्यंत जाऊन 350 घेतात असं धरा. सरासरी काढा, 200. व्हेरिअन्स काढा, 0.1 × 150² म्हणजे 2250, अधिक 0.9 × 16.67² म्हणजे 250, एकूण 2500, एसडी 50. तेच दोन आकडे, आणि टेल बरोब्बर 10 टक्के! खरे कॅश हिट अर्थातच असे एकाच आकड्यावर बसत नाहीत, थोडे पसरतात, पण दोन ढिगांचा आकार मात्र खऱ्या सिस्टिममध्ये नेहमी दिसतो.

स्वतः चालवून बघा, मधला प्रकार म्हणजे 150 नंतर सुरू होणारा एक्स्पोनेन्शियल:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
n = 1_000_000
a = rng.normal(200, 50, n)
b = 150 + rng.exponential(50, n)
c = rng.choice([550/3, 350.0], n, p=[0.9, 0.1])
for x in (a, b, c):
    print(x.mean(), x.std(), (x >= 350).mean())
```

तिन्हींची सरासरी आणि एसडी जवळजवळ तीच येते आणि शेवटचा आकडा साधारण 0.00135, 0.018 आणि 0.10. इथे >= च्या जागी > टाकलंत तर तिसऱ्या ओळीत 0 दिसेल आणि बाउंड फारच ढिला आहे असं वाटेल, कारण सगळं वजन 350 या एकाच बिंदूवर आहे.

हाच प्रश्न उलटा विचारला तर ढिलेपणाची किंमत थेट मिलिसेकंदात दिसते. 1 टक्क्याच्या आत टेल ठेवायला टाइमआउट किती ठेवू? कँटेलीने k = √99, म्हणजे जवळपास 697, त्या एक्स्पोनेन्शियलसाठी 380 आणि नॉर्मलसाठी 316. टाइमआउट 697 ठेवायचा का? माझ्या मते नाही, एवढा फरक दिसला की आधी हिस्टोग्राम मिळतोय का ते बघायचं. हिस्टोग्रामला एकच शिखर आहे एवढं जरी खात्रीने माहीत असलं तरी वायसोचान्स्की-पेटुनिनचा एकतर्फी बाउंड लावता येतो, 4/(9(1+k²)), म्हणजे k = 3 ला 10 ऐवजी 4.4 टक्के. मात्र कॅशवाल्या केसला तो लावायचा नाही, तिथे दोन शिखरं आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाची अडचण. हे बाउंड खऱ्या सरासरी-व्हेरिअन्ससाठी आहेत, आपण मात्र सॅम्पलचे आकडे घालतो. समजा वरच्याच नॉर्मल सर्व्हिसमध्ये हजारातली एक रिक्वेस्ट अडकून 5000 मिलिसेकंद घेते, तर खरा एसडी 50 वरून 160 च्या आसपास जातो. पण तुम्ही 500 रिक्वेस्टचं सॅम्पल घेतलं तर त्यात अशी एकही न सापडण्याची शक्यता 0.999 चा 500 वा घात, म्हणजे जवळपास 61 टक्के. मग तुम्ही एसडी 50 धरून k = 96 काढणार, कँटेली म्हणणार 5000 च्या वर जास्तीत जास्त 0.011 टक्के, आणि प्रत्यक्षात 0.1 टक्के, नऊपटीहून जास्त. इतका ढिला बाउंडही तुटला, आणि त्यात थिअरमचा काही दोष नाही, आत घातलेला एसडीच खरा नव्हता. हे पकडायचं असेल तर लॉग वेगवेगळ्या दिवसांत तोडून प्रत्येकाचा एसडी वेगळा काढा, एखाद्या दिवशी तो 50 वरून एकदम 150 ला उडी मारत असेल तर एक-दोन रिक्वेस्टच सगळा व्हेरिअन्स खातायत आणि अशा वेळी मी त्या एसडीवरून कुठलाही बाउंड कुणाला लिहून देत नाही, आधी त्या रिक्वेस्ट शोधतो.