एमजी-१३२ दिलं तरी प्रथिन परत आलं नाही? निष्कर्ष काढण्याआधी या चुका टाळा

प्रयोग नेहमीचाच असतो. एचएसपी९० हे चॅपरोन औषधाने बंद करायचं, त्यावर अवलंबून असलेलं प्रथिन घटतं का ते बघायचं, मग प्रोटिअसोम बंद करून ते प्रथिन वाचतं का ते तपासायचं. ब्लॉट हातात येतो तेव्हा प्रथिन घटलेलं असतं, पण एमजी-१३२ दिलेल्या लेनमध्येही ते जवळपास तितकंच कमी दिसतं. मग वहीत लिहिलं जातं की ऱ्हास प्रोटिअसोममार्फत होत नाही. हे वाक्य बऱ्याचदा चुकीचं असतं, कारण प्रथिन पेशीतच असतं आणि ते आपणच सेंट्रिफ्यूजच्या नळीच्या तळाशी टाकून दिलेलं असतं.

उदाहरणासाठी रॅफ-१ घेऊ. हे साधारण ७४ किलोडाल्टनचं कायनेज एचएसपी९० आणि सीडीसी३७ यांच्या आधाराशिवाय आपली घडी टिकवू शकत नाही. १७-एएजी हे औषध एचएसपी९० च्या एटीपी बसतो त्या खाचेत बसतं आणि चॅपरोनचं चक्र अडतं. रॅफ-१ मग एचएसपी७० च्या ताब्यात राहतं. तिथे चिप नावाचं ई३ लायगेज एचएसपी७० किंवा एचएसपी९० च्या शेपटीला धरून बसलेलं असतं आणि अडकलेल्या प्रथिनावर युबिक्विटिनची साखळी चढवतं. साखळी पुरेशी लांब झाली की २६एस प्रोटिअसोमचा १९एस भाग ते प्रथिन पकडतो, उलगडतो आणि आतल्या २०एस पिंपात ढकलतो. प्रत्यक्ष कापाकापी तिथे होते.

आता एमजी-१३२ ने पिंपातलं कापणं थांबवलं, तर रॅफ-१ आपोआप पूर्वीसारखं घडीदार होत नाही. त्याची घडी मोडलेलीच असते, पाण्यापासून लपायला हवेत असे त्याचे भाग उघडे पडलेले असतात आणि ते एकमेकांना चिकटतात. हे गोळे १ टक्का ट्रायटन किंवा एनपी-४० असलेल्या नेहमीच्या बफरमध्ये विरघळत नाहीत. १२,००० जी वर १० मिनिटं फिरवलं की ते गाळात जातात. वरचा स्वच्छ द्रव आपण जेलवर चढवतो, गाळ कचऱ्यात जातो आणि वाचलेलं प्रथिनही त्याच्यासोबत जातं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच: फक्त विद्राव्य भाग बघणं. पुढची पद्धत सहा वेलच्या प्लेटसाठी आहे. प्रत्येक वेलमधल्या पेशी १०० मायक्रोलिटर ट्रायटन बफरमध्ये फोडा, फिरवा आणि वरचा द्रव पूर्णपणे दुसऱ्या नळीत घ्या. त्यात ४ पट तीव्रतेचं सॅम्पल बफर ३३ मायक्रोलिटर घाला. गाळ त्याच ट्रायटन बफरने एकदा धुवा, म्हणजे वरच्या द्रवाचा उरलासुरला अंश निघून जाईल. मग तो १ पट सॅम्पल बफरच्या १३३ मायक्रोलिटरमध्ये ९५ अंशांवर १० मिनिटं उकळा. त्यात डीएनए असतो, त्यामुळे शेंबडासारखा तार येतो आणि पिपेट ओढत नाही. थोडं सोनिकेशन करा किंवा इन्शुलिनच्या सुईतून पाच-सहा वेळा ओढा. आता दोन्ही भागांचं आकारमान सारखं आहे. दोन्हींतून २० मायक्रोलिटर चढवलं की दोन्ही लेन तितक्याच पेशींच्या होतात.

इथेच दुसरी छोटी चूक होते. बरेच जण गाळातलं प्रथिन मोजून 'दोन्हीकडे ३० मायक्रोग्रॅम' असं चढवतात. गाळात एकूण प्रथिन कमी असतं. त्यामुळे ३० मायक्रोग्रॅमसाठी कितीतरी जास्त पेशींचा गाळ लागतो आणि बँड उगाच ठसठशीत दिसतो. तुलना पेशींच्या प्रमाणात करा. शिवाय गाळाच्या लेनमध्ये जीएपीडीएच शोधू नका, ते तिथे असायलाच नको. ते दिसलं तर गाळ नीट धुतला गेलेला नाही. चढवलेलं प्रमाण तपासायला पाँसोचा रंग पुरतो.

चार वेल लावा: फक्त डीएमएसओ, फक्त १७-एएजी (१ मायक्रोमोलर), फक्त एमजी-१३२ (१० मायक्रोमोलर) आणि दोन्ही. समजा विद्राव्य भागात डीएमएसओच्या लेनमधलं रॅफ-१ आपण १०० धरलं. १७-एएजीच्या लेनमध्ये ३० उरलं आणि दोन्ही दिलेल्या लेनमध्ये ३५. एवढ्यावर थांबलात तर बचाव झालाच नाही असं वाटेल. पण त्याच लेनच्या गाळात त्याच मोजपट्टीवर ५५ निघालं आणि फक्त १७-एएजीच्या गाळात ५ निघालं, तर हिशेब असा होतो: एकटं औषध दिल्यावर एकूण ३५ उरलं, प्रोटिअसोम बंद असताना ९०. म्हणजे प्रथिन वाचलं, फक्त विरघळलेल्या रूपात वाचलं नाही. दोन्ही भाग एकाच मेंब्रेनवर आणि एकाच एक्स्पोजरमध्ये असतील तरच ही बेरीज करता येते.

फक्त एमजी-१३२ च्या वेलचा गाळही बघायला विसरू नका. औषधाशिवायही थोडं रॅफ-१ तिथे सापडू शकतं, कारण प्रोटिअसोम बंद झाला की पेशीतली सगळीच बिघडलेली प्रथिनं साठू लागतात. दोन्ही दिलेल्या लेनमधली वाढ त्याहून ठळकपणे जास्त असायला हवी.

वेळेची चूकही वारंवार दिसते. आधी १७-एएजी १६ तास द्यायचं आणि शेवटच्या ४ तासांत एमजी-१३२, हा बेत इथे निरुपयोगी आहे. पहिल्या १२ तासांत जे प्रथिन कापलं गेलं ते प्रोटिअसोम नंतर बंद करून परत येणार नाही. एमजी-१३२ अर्धा ते एक तास आधी द्या, मग १७-एएजी घालून दोन्ही ६ ते ८ तास ठेवा. याहून फार लांबवू नका. रात्रभर १० मायक्रोमोलर एमजी-१३२ दिलं की मोकळं युबिक्विटिन साखळ्यांमध्ये अडकून संपत येतं, पेशी मरू लागतात आणि मग तुम्ही रॅफ-१ बघत नसता, मरणाऱ्या पेशी बघत असता. सुरुवातीच्या चाचणीत २, ४, ६ आणि ८ तासांचे नमुने घेतले तर कुठे थांबायचं ते कळतं.

औषधं चालली की नाही याची खूण त्याच ब्लॉटवर हवी. एमजी-१३२ साठी सी-मिक बघा. त्याचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपास आहे, त्यामुळे प्रोटिअसोम खरंच बंद झाला असेल तर ते चटकन साठतं. ते साठलं नसेल तर स्टॉकवर संशय घ्या. एमजी-१३२ हे ॲल्डिहाइड आहे आणि द्रावणात ते हळूहळू खराब होतं. ४.७६ मिलिग्रॅम पावडर १ मिलिलिटर कोरड्या डीएमएसओमध्ये विरघळवली की १० मिलिमोलर स्टॉक होतो. तो २०-२० मायक्रोलिटरच्या नळ्यांत उणे २० अंशांवर ठेवा आणि उघडलेली नळी परत गोठवू नका. उन्हाळ्यात वीज गेल्यावर फ्रीझर किती वेळ बंद होता याची नोंद ठेवणं पुण्यात तरी शहाणपणाचं.

१७-एएजी चाललं का, हे एचएसपी७० वरून कळतं. एचएसपी९० बंद झाला की एचएसएफ१ मोकळा होतो आणि एचएसपी७० वाढतं. पण एमजी-१३२ मुळेही ते वाढतं, म्हणून ही खूण फक्त एकट्या १७-एएजीच्या लेनमध्ये वाचा. डीएमएसओच्या लेनमध्येच एचएसपी७० भरपूर असेल तर आधी इनक्युबेटरकडे बघा. साध्या कार्बन डायऑक्साइड इनक्युबेटरला गार करण्याची सोय नसते. खोली ३७ अंशांपेक्षा चार-पाच अंशांनी तरी थंड असेल तरच तो ३७ टिकवू शकतो. एप्रिल-मेमध्ये शनिवार-रविवारी एसी बंद राहिला आणि खोली ३५-३६ ला गेली, तर आतलं तापमान चढतं आणि पेशी सोमवारी सकाळी आधीच उष्णतेचा ताण घेऊन उभ्या असतात. अशा पेशींवर चॅपरोनचा प्रयोग करण्यात अर्थ नाही. आत वेगळा थर्मामीटर पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवा, बाहेरच्या पट्टीवरच्या आकड्यावर विसंबू नका.

युबिक्विटिनच्या ब्लॉटवर वरपासून खालपर्यंत काळा पट्टा आला की बरेच जण खूश होतात. तो पट्टा सगळ्या पेशीचा असतो, त्यावरून रॅफ-१ बद्दल काहीच कळत नाही. रॅफ-१ अँटिबॉडीने ओढून मग युबिक्विटिन बघितलं, तरीही मऊ बफरमध्ये त्याला चिकटलेली एचएसपी७० सारखी प्रथिनं सोबत येतात आणि साखळी त्यांच्यावरची असू शकते. म्हणून पेशी १०० मायक्रोलिटर बफरमध्ये १ टक्का एसडीएस घालून फोडा, ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवा म्हणजे जोड्या तुटतील, डीएनए तोडा, मग ९०० मायक्रोलिटर ट्रायटन बफर घालून एसडीएस ०.१ टक्क्यावर आणा आणि त्यानंतरच अँटिबॉडी घाला. याचा आणखी एक फायदा म्हणजे गाळातलं रॅफ-१ ही यात विरघळून येतं. युबिक्विटिन ८.५ किलोडाल्टनचं आहे. चार जोडली की ७४ चं रॅफ-१ साधारण १०८ वर जातं. खरा पट्टा १०० च्या वर सुरू होऊन २५० पलीकडे जायला हवा.

पट्टा फिका असेल तर बहुतेक वेळा एन-इथाइलमॅलिइमाइड विसरलेलं असतं. पेशी फुटताच साखळ्या कापणारी एन्झाइम्स मोकळी होतात. त्यांतली बहुतेक सिस्टिनवर चालतात आणि नेहमीच्या प्रोटिएज कॉकटेलने ती पुरेशी थांबत नाहीत. १ मोलर स्टॉक इथेनॉलमध्ये त्याच दिवशी बनवा (मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम, हातमोजे घालून हूडमध्ये) आणि बफरच्या दर मिलिलिटरला १० मायक्रोलिटर घाला. याच बफरमध्ये डीटीटी घालू नका, ते या रसायनालाच खाऊन टाकतं. डीटीटी शेवटच्या सॅम्पल बफरमध्ये चालतं.

एवढं सगळं जमल्यावरही एक पुरावा बाकी राहतो. एमजी-१३२ कॅल्पेन आणि काही कॅथेप्सिनही अडवतं. म्हणून तोच प्रयोग बॉर्टेझोमिब १०० नॅनोमोलर देऊन करा आणि बाजूच्या वेलमध्ये लायसोसोम अडवणारं बॅफिलोमायसिन ए१ १०० नॅनोमोलर ठेवा. बॉर्टेझोमिबने गाळासकट बेरीज वाढली आणि बॅफिलोमायसिनने हलली नाही, तर मार्ग प्रोटिअसोमचा. दोन्हींनी वाढली, तर काही हिस्सा लायसोसोमकडेही जातोय असं धरून एलसी३ चा ब्लॉट घ्या. आणि दोन्हींनीही हलली नाही, तर ऱ्हासाचा विचार बाजूला ठेवून रॅफ-१ च्या एमआरएनएचं प्रमाण आधी मोजा.